चार दिवस झोपवून ठेवण्याचा सल्ला

नवऱ्याची, भावाची किंवा मुलाची दारू सुटावी म्हणून धडपडणाऱ्या घराला एक सल्ला हमखास मिळतो. दवाखान्यात दाखल करून पैसे कशाला घालवता, चारचौघांत नाचक्की कशाला करून घेता? मेडिकलमधून झोपेच्या गोळ्यांची पट्टी आणा, बाटली बंद करा आणि चार दिवस त्याला घरीच झोपवून ठेवा. शेवटी डॉक्टरही त्याच गोळ्या देतात. या सल्ल्याची जरा शिकलेली आवृत्तीही आहे. लिब्रियम, डायझेपाम ही अंगात दिवसेंदिवस रेंगाळणारी जुनी औषधं नकोत. अल्प्राझोलामसारखी लवकर उतरणारी हलकी गोळी द्या, म्हणजे तिचीही सवय लागणार नाही.

सल्ला देणारे बहुतेक जण आपलेच असतात आणि त्यांचा हेतू चांगला असतो. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं. डॉक्टर त्याच गटातल्या गोळ्या देतात, एवढं त्यातलं खरं आहे. या गटाला बेन्झोडायझेपिन म्हणतात. पण रेंगाळणारी गोळी वाईट आणि लवकर उतरणारी चांगली हा समज दारू सोडवताना उलटा ठरतो. आणि ज्या रेंगाळण्यामुळे ती गोळी वॉर्डात माणसाला वाचवते, त्याच रेंगाळण्यामुळे ती घरच्या उशाखाली धोक्याची होते.

आधी झोपवून ठेवण्याचं पाहू. रोज पिणाऱ्याची दारू बंद केली की त्याला झोप लागत नाही, तो चिडतो, थरथरतो. घरच्यांना यातलं झोप न लागणंच मोठं वाटतं, म्हणून झोपेची गोळी हाच उपाय सुचतो. मेंदूत घडतं ते वेगळंच. दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचं काम वाढवते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटचं काम दाबते. वर्षानुवर्षं हे चालू राहिलं की मेंदू त्याच्या विरुद्ध जोर लावून स्वतःला सावरतो. बाहेरून कुणी सतत दार ढकलत असेल तर आतला माणूस पूर्ण अंग लावून उभा राहतो आणि ढकलणारा एकाएकी बाजूला झाला की तोंडावर आपटतो, तसंच इथे होतं. दारू गेलेली असते, मेंदूने लावलेला जोर मात्र तसाच असतो. तो ओसरायला दिवस लागतात.

हा त्रास अशक्तपणामुळे किंवा उपाशी राहून पिण्यामुळे होतो, असं पूर्वी डॉक्टरांनाही वाटायचं. अमेरिकेतल्या लेक्सिंग्टन इथे हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पूर्वी मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या दहा जणांना त्यांनी दिवसच्या दिवस भरपूर दारू दिली आणि जेवणखाणही नीट ठेवलं. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही आणि ते योग्यच आहे. त्यातल्या सहा जणांनी ४८ ते ८७ दिवस दारू घेतली. ती एकदम बंद केल्यावर त्यांच्यातल्या काहींना फिट आल्या, काहींना भ्रम झाला. महिनाभर किंवा त्याहून कमी काळ पिणाऱ्यांचा त्रास सौम्य राहिला. पोट भरलेलं असूनही हे घडलं, म्हणजे कारण दारू थांबणं हेच होतं. 'बाटली बंद करा' या तीन शब्दांमागे एवढं सगळं असतं.

या त्रासाचं वेळापत्रक बऱ्यापैकी ठरलेलं आहे. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, उलट्या होतात, नाडी धावते. सकाळचा उतारा घेणारे हेच थोपवत असतात. फिट येण्याचा धोका मुख्यतः सहा ते ४८ तासांत असतो. आणि सगळ्यात भयंकर प्रकार, ज्याला वॉर्डात सगळे 'डीटी' म्हणतात तो डेलिरियम ट्रेमेन्स, बहुधा दोन ते चार दिवसांनी सुरू होतो. माणसाला वेळ-काळ कळत नाही, अंथरुणावर किडे दिसतात, ताप चढतो, रक्तदाब वर जातो. उपचार नव्हते त्या काळात यात खूप माणसं दगावत. आजही वेळेवर न आणलेला रुग्ण दगावू शकतो. म्हणजे घरचे लोक तिसऱ्या दिवशी 'सुटलो बुवा' म्हणतात, तेव्हा सगळ्यात मोठा धोका पुढेच उभा असतो.

आता हलक्या गोळीचा मुद्दा. एक नमुना घेतो. हा कुणी एक रुग्ण नाही. वॉर्डात पुन्हा पुन्हा दिसणारी ही वाट आहे. पंचेचाळिशीचा ट्रकचालक, दहा-बारा वर्षं रोज रात्री हाफ आणि अलीकडे सकाळी उतारा. हाफ म्हणजे ३७५ मिलिलिटर, आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या दारूत त्यातून सुमारे १२५ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. रविवारी रात्री दहाला त्याने शेवटचा पेग घेतला, कारण घरात सगळ्यांनी मिळून शपथ घातली. सोमवारी पहाटे थरथर सुरू झाली. मेहुण्याने अर्ध्या मिलिग्रॅमच्या अल्प्राझोलामची पट्टी आणली. सकाळी एक गोळी दिली, तासाभरात तो शांत झाला. संध्याकाळी थरथर परत आली, म्हणून दोन दिल्या. रात्री तो झोपला आणि घराने सुटकेचा श्वास सोडला. मंगळवारी सकाळी उठल्यावर तो म्हणाला, आता बरं वाटतंय, गोळी नको. घरच्यांनाही आनंदच झाला. मंगळवारी दुपारी जेवायला बसताना त्याला फिट आली.

काय झालं? अल्प्राझोलामचा निम्मा भाग साधारण अकरा-बारा तासांत शरीरातून जातो. परिणाम जाणवण्याची वेळ त्याहूनही कमी असते. दर डोसाबरोबर रक्तातलं प्रमाण चढतं आणि पुढच्या डोसाआधी खाली येतं. मेंदूचा उलटा जोर मात्र सगळा वेळ तेवढाच असतो. त्या प्रत्येक उतारावर दारू नव्याने बंद केल्यासारखा धक्का बसतो आणि एक डोस चुकला की नेमक्या फिटच्या वेळी मेंदू उघडा पडतो. ज्या गुणाला लोक हलकेपणा समजतात तो इथे दोष आहे.

तोच माणूस सोमवारी सकाळी नऊला वॉर्डात आला असता तर? नर्सने त्याचे हात पुढे करायला लावून थरथर पाहिली असती, घाम, मळमळ, अस्वस्थता, भास, डोकेदुखी, दिवस-ठिकाणाचं भान असे दहा मुद्दे तपासून गुण दिले असते. या तक्त्याला सिवा म्हणतात. त्यात जास्तीत जास्त ६७ गुण असतात आणि आठ-दहाच्या खालचा त्रास सौम्य धरतात. समजा गुण १८ आले. डायझेपाम २० मिलिग्रॅम तोंडाने. दोन तासांनी पुन्हा गुण १३. हाक मारली की नीट उत्तर देतो, श्वास ठीक आहे, हे पाहून दुसरा डोस. एक वाजता ९, म्हणून तिसरा. तीन वाजता ५. इथे डॉक्टर थांबतात. कदाचित पुढे एकही गोळी लागत नाही. हे आकडे घरी वापरायचे नाहीत. प्रत्येक डोसाआधी कुणीतरी त्याच्याकडे पाहिलं म्हणूनच पुढचा डोस देता आला. यकृत बिघडलेल्याला किंवा वयस्कर माणसाला हाच डोस जड जातो.

तीन वाजता औषध थांबवलं तरी ते काम करत राहतं, आणि रेंगाळणं इथे कामी येतं. डायझेपाम स्वतः एक-दोन दिवस टिकतं आणि यकृतात त्याचं जे दुसरं रूप तयार होतं, डेस्मिथिलडायझेपाम, ते त्याहून जास्त, काही जणांत चार-पाच दिवसांहूनही अधिक टिकतं. लिब्रियमचंही, म्हणजे क्लोरडायझेपॉक्साइडचं, असंच आहे. मंगळवारी फिटची वेळ येते तेव्हा औषध रक्तात आहे. गुरुवारी डीटीची वेळ येते तेव्हाही थोडं आहे. रोज ते आपणहून थोडं थोडं उतरतं आणि तोवर मेंदूचा जोरही ओसरत जातो. गोळ्या कमी कमी करत नेण्याचं काम शरीरच करतं. एखादा डोस चुकला तरी कडा तुटल्यासारखी घसरण होत नाही.

हा निव्वळ तर्क नाही. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ५३७ रुग्णांना लिब्रियम, क्लोरप्रोमाझिन, हायड्रॉक्सिझिन, थायमिन किंवा नुसत्या साध्या गोळ्या दिल्या गेल्या. फिट आणि भ्रम सगळ्यात कमी लिब्रियमच्या गटात झाले. क्लोरप्रोमाझिनही माणसाला झोपवतं, पण त्या गटात फिट कमी झाल्या नाहीत. झोपवून ठेवण्याच्या सल्ल्याला याहून थेट उत्तर नाही: झोपलेला दिसणारा माणूस सुरक्षित असतोच असं नाही. बेन्झोडायझेपिन गटातल्या गोळ्यांची आपापसात तुलना करणारे पुरावे तितके भक्कम नाहीत, हेही सांगतो. या गटातली बहुतेक औषधं थरथर कमी करतात. लांब टिकणाऱ्यांना पसंती मिळते ती फिट टाळण्यासाठी आणि उतार सौम्य राहण्यासाठी.

इथे कुणी म्हणेल, मग ठीक, घरी अल्प्राझोलामऐवजी लिब्रियमच देऊ. गोळी निवडण्याची चूक सुधारली की सल्ला बरोबर झाला असं समजणं ही पुढची चूक आहे, आणि मला तीच जास्त घातक वाटते.

लांब टिकणारं औषध साचतं. पहिल्या दिवशीची गोळी पुरती गेलेली नसताना दुसऱ्या दिवशीची येते. वॉर्डात दुसऱ्या दिवशी गुण कमी आले की गोळी दिलीच जात नाही, म्हणून साचणं फायद्याचं ठरतं. घरी गोळी घड्याळावर दिली जाते, किंवा आवाजावर: बडबड करतोय, अजून एक दे. चौथ्या दिवशी तीच गोळी पहिल्या दिवसापेक्षा जास्त चढते. तो अडखळत चालतो, संडासाला जाताना पडतो, जीभ जड होते. आणि घरातल्या घरात दारू बंद राहील याची खात्री कोण देणार? चोरून प्यायलेला एक क्वार्टर आणि साचलेलं डायझेपाम दोन्ही मिळून मेंदूतली श्वासाची प्रेरणाच मंद करतात. एकटं डायझेपाम क्वचितच जीव घेतं. दारूबरोबर ते जीव घेऊ शकतं. उताणा झोपलेला माणूस उलटी करतो, ती श्वासनलिकेत जाते आणि घोरणं थांबलं म्हणून घरच्यांना बरं वाटतं. काही घरांत तर पिणाऱ्याला न सांगता भाजीत गोळी कुस्करून घालतात. तो पितोच आहे, आणि आपण वर गोळी देतोय, हे त्यांच्या ध्यानातच येत नाही.

याहून अवघड प्रश्न बडबडीचा आहे. तिसऱ्या रात्री माणूस असंबद्ध बोलतोय. ही डीटी असू शकते: तेव्हा नाडी धावते, अंग घामाने भिजलेलं असतं, बाहुल्या मोठ्या होतात, हात जोराने थरथरतात. आमच्याकडे आलेला एक चालक खाटेवर बसून हवेत गिअर टाकायचा आणि आरशात पाहून मान वळवायचा. घरचे म्हणाले, बाहेरचं झालंय. पण बडबड गोळ्या जास्त झाल्यामुळेही असू शकते: तेव्हा जीभ जड, श्वास सावकाश, माणूस पेंगत असतो. यकृत बिघडल्यामुळे असेल तर डोळे पिवळे दिसतील, पुढे केलेले पंजे फडफडतील, दिवसा झोप आणि रात्री जाग असेल. आठवड्यापूर्वी मोटरसायकलवरून पडलेल्याच्या डोक्यात रक्त साचलेलं असू शकतं. साखर उतरलेली असू शकते. पहिल्या प्रकारात गोळी हवी, दुसऱ्यात आणि तिसऱ्यात गोळी घातक, चौथ्यात स्कॅन हवा, पाचव्यात ग्लुकोज. घरात रात्री दोनला या पाचांत फरक कोण करणार? पट्टीच्या मागे छापलेल्या मजकुरावरून हे कळत नाही.

ग्लुकोजवरून आणखी एक. 'एक सलाईन लावून द्या, ताकद येईल' ही मागणी गल्लीतल्या दवाखान्यात रोज होते. वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फार कमी असतं. अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज दिलं तर डोळे स्थिर न राहणं, तोल जाणं आणि गोंधळ अशी वेर्निकेची अवस्था ओढवू शकते, आणि तिच्यातून कायमचा स्मृतिनाश होऊ शकतो. म्हणून वॉर्डात थायमिनचं इंजेक्शन आधी किंवा बरोबरच देतात.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. जगात मान्य झालेले नियमच घरी दारू सोडवायला परवानगी देतात, मग भीती कशाला घालता? हे खरं आहे. प्रत्येकाला दाखल करावंच लागतं असं मीही म्हणत नाही. खाटा कमी आहेत, रजा मिळत नाही, जिल्ह्याच्या गावाला जाण्यायेण्याचा खर्च परवडत नाही. पण ती परवानगी नीट वाचावी. ब्रिटनच्या नाइस या संस्थेचे २०११ चे निर्देश घरच्या घरी उपचाराला मान्यता देतात तेव्हा सांगतात की औषध एका वेळी दोन दिवसांपेक्षा जास्त हातात देऊ नये, दिवसाआड रुग्णाला तपासावं, शक्यतो घरचं माणूस गोळी देईल आणि जास्त गुंगी किंवा जास्त त्रास दिसला तर डोस बदलावा. फिट किंवा डीटी पूर्वी झालेला, फार जास्त पिणारा, दुसरा मोठा आजार असलेला यांना दाखल करावं. म्हणजे घर चालेल, पण डोळे आणि निर्णय जाणत्याचे हवेत. आपल्याकडच्या सल्ल्यात मात्र पूर्ण पट्टी हातात असते आणि तपासणारं कुणी नसतं. कायद्यानेही ही पट्टी अशी मिळू नये: अल्प्राझोलाम, डायझेपाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, त्यांच्या विक्रीची नोंद डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह वेगळ्या वहीत ठेवून तीन वर्षं जपावी लागते. ती वही कोऱ्या चिठ्ठ्यांनी भरणारा दुकानदार घराला मदत करत नसतो.

'मागच्या वेळी घरीच सोडवली, काही झालं नाही' असंही सांगितलं जातं. या एका वाक्यावर मी सगळ्यात जास्त जोर देतो, कारण ते धीराचं वाटतं. दारू एकदम बंद होण्याचा प्रत्येक प्रसंग मेंदूला पुढच्या वेळी जास्त चटकन पेटायला शिकवतो. पहिल्या दोन वेळा नुसती थरथर, तिसऱ्या वेळी फिट, असा क्रम डॉक्टर पुन्हा पुन्हा पाहतात. १९७८ मध्ये बॅलेंजर आणि पोस्ट यांनी याची मांडणी केली. म्हणून चार वेळा सोडून पुन्हा प्यायलेल्या माणसाबाबत मागचा बरा अनुभव ग्राह्य धरता येत नाही. असा माणूस जास्त धोक्यातलाच धरावा लागतो.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत देशभर दारूची दुकानं एका रात्रीत बंद झाली तेव्हा हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. केरळमध्ये आत्महत्या होऊ लागल्या आणि राज्य सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला विरोध केला आणि एप्रिलच्या सुरुवातीला उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. डॉक्टरांचं म्हणणं बरोबर होतं: त्रासावर उपचार असताना चिठ्ठीवर बाटली लिहिणं हा उपचार नव्हे.

रेंगाळणाऱ्या औषधावर टीका करणाऱ्यांचा एक मुद्दा मात्र मान्य करायला हवा. यकृत सिरोसिसने निकामी होत असेल किंवा वय साठ-पासष्टच्या पुढे असेल, तर डायझेपाम आणि लिब्रियम शरीराबाहेर पडायला नको इतका वेळ लागतो आणि साचलेलं औषध धोका करतं. अशांना डॉक्टर लोराझेपाम किंवा ऑक्साझेपाम देतात, कारण ती बिघडलेल्या यकृतातही सोप्या वाटेने निकामी होतात. फिट येऊन गेलेल्यालाही शिरेतून लोराझेपाम दिलं जातं. १९९९ मधल्या एका अमेरिकी चाचणीत त्यामुळे लगेच दुसरी फिट येण्याचं प्रमाण २४ वरून ३ टक्क्यांवर आलं. पण ही कमी टिकणारी औषधं वेळच्या वेळी द्यावी लागतात आणि हळूहळू उतरवावी लागतात, म्हणजे देखरेख जास्तच लागते. आणि कुणाचं यकृत कितपत चालतंय हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणून या अपवादाचा आधार घरच्या अल्प्राझोलामला मिळत नाही.

शेवटचा आग्रह डिस्चार्जच्या दिवशी होतो. साहेब, झोप येत नाही म्हणतोय, महिन्याभराच्या गोळ्या लिहून द्या. ही मागणी नाकारावी लागते आणि नातेवाईक नाराज होतात. बेन्झोडायझेपिनचं काम पहिल्या आठवड्याचं होतं, ते झालं. त्यापुढे ती चालू ठेवली तर दारूची जागा गोळी घेते; एक व्यसन सोडवून दुसरं लावतात हा आरोप तिथे खरा ठरतो. झोप काही आठवडे तुटक राहते, हे आधीच सांगून ठेवलं तर माणूस ते सोसतो. त्याच्या हातात थायमिनच्या गोळ्या, पुन्हा दाखवायला येण्याची तारीख आणि पिण्याची ओढ कमी करण्यासाठी नाल्ट्रेक्सोन किंवा अ‍ॅकॅम्प्रोसेट यांपैकी त्याच्या यकृताला आणि मूत्रपिंडाला चालेल ते औषध असावं. बायकोला सांगून ठेवावं की तो पुन्हा प्यायला आणि पुन्हा सोडायचं म्हणाला, तर बाटली लपवण्याआधी आम्हाला फोन करायचा. आणि थरथर, फिट किंवा असंबद्ध बडबड दिसली तर गोळी शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन लावायचा.